दुबईतली अकरा वर्षं मुंबईच्या रिझ्युमेत बसवताना

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही दुबई कायमची सोडून मुलुंडला परत आलो. सासऱ्यांची बायपास झाली होती, लेकीची शाळा इथे सुरू करायची होती आणि नवऱ्याला त्याच्या कंपनीने मुंबईच्या ऑफिसात बदली दिली, त्यामुळे निर्णय पटकन झाला. प्रश्न राहिला माझा. मी सिव्हिल इंजिनिअर, २००९ ते २०१२ ठाण्याच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंग केलं आणि मग दुबईत अकरा वर्षं बांधकामाच्या मोजमापाचा आणि खर्चाचा हिशोब बघणारी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे तिथे सगळे म्हणतात ते क्यूएस, त्यातली शेवटची पाच वर्षं सीनियर क्यूएस. मला वाटत होतं मुंबईत जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, मेट्रो चालू आहे, दोन गल्ल्या सोडल्या की टॉवर क्रेन दिसते, तर आपल्याला काम मिळायला कितीसा वेळ लागणार.

जुलै आणि ऑगस्ट मिळून मी ४६ ठिकाणी रिझ्युमे पाठवला, काही नोकरी डॉट कॉमवरून आणि काही थेट मेलवर. फोन आले दोन. त्यातला एक कन्सल्टंट विचारत होता की मॅडम परत गल्फला जायची तयारी आहे का, आणि दुसऱ्याने पगाराचा आकडा ऐकून दोन मिनिटांत फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं हे खरं आहे, कारण नाकारलं असतं तर कारण तरी कळलं असतं, इथे कोणी वाचतंय की नाही तेच कळत नव्हतं.

राखीला मामेभाऊ आला. दादा एका बिल्डरकडे कॉन्ट्रॅक्ट्स डिपार्टमेंटला पंधरा वर्षं आहे. जेवण झाल्यावर मी त्याच्यापुढे रिझ्युमेची प्रिंट ठेवली. त्याने लेकीच्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि एकही शब्द न बोलता पहिल्या पानावर गोल करायला लागला. आयपीसी, गोल. पोमी, गोल. ईओटी, प्रोव्हिजनल सम, पीसी रेट, नॉमिनेटेड सबकॉन्ट्रॅक्टर, एईडी १८५ मिलियन, जी प्लस ३२, सगळ्यांना गोल. पान भरून गेलं तेव्हा म्हणाला, "अगं, हे मला कळतं कारण मी हेच काम करतो, तरी दोन शब्दांना अडलो. आमच्याकडे पहिली चाळणी एचआरची मुलगी लावते, ती सर्चमध्ये टाकते बिलिंग, आरए बिल, रेट अ‍ॅनालिसिस, रिकन्सिलिएशन. ह्यातला एक तरी शब्द आहे का तुझ्या रिझ्युमेत?"

नव्हता. आणि गंमत नाही, ह्यातलं प्रत्येक काम मी केलेलं होतं.

तर मुद्दा असा आहे की काम तेच असतं, त्याची नावं बदलतात, आणि रिझ्युमे वाचणाऱ्याला ते नाव बदलून घ्यायची ना गरज असते ना वेळ. दुबईत कॉन्ट्रॅक्टर दर महिन्याला पेमेंट अ‍ॅप्लिकेशन टाकतो, इंजिनिअर म्हणजे कन्सल्टंट ते तपासतो आणि इंटरिम पेमेंट सर्टिफिकेट देतो, त्याला सगळे आयपीसी म्हणतात. इथे कॉन्ट्रॅक्टर रनिंग अकाऊंट बिल टाकतो, आपलं आरए बिल, सोबत जॉइंट मेजरमेंट शीट लावतो, आणि बिल्डरकडचा बिलिंग इंजिनिअर ते तपासून सर्टिफाय करतो. आधीच्या बिलापर्यंतचं वजा करून ह्या महिन्याचं काढायचं, अ‍ॅडव्हान्सची वसुली करायची, रिटेन्शन म्हणजे हमी म्हणून रोखून ठेवायची रक्कम कापायची, हे दोन्हीकडे सारखंच. तिथल्या व्हेरिएशनला इथे बहुतेक जण एक्स्ट्रा आयटम म्हणतात, आणि त्याचा दर मुळापासून मांडायचा म्हणजे मटेरियल किती, मजुरी किती, मशिनरी किती, कॉन्ट्रॅक्टरचा नफा किती, ह्याला इथे रेट अ‍ॅनालिसिस म्हणतात. मी तिथे शंभर वेळा केलं असेल, पण रिझ्युमेत लिहिलं होतं "व्हेरिएशन व्हॅल्युएशन".

हुद्द्याचाही तोच घोळ. क्यूएस हा शब्द इथे नाही असं नाही, मोठ्या कन्सल्टन्सी आणि मोठे डेव्हलपर तो वापरतात, पण कॉन्ट्रॅक्टरकडे आणि मध्यम बिल्डरकडे तेच काम बिलिंग इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्ट्स मॅनेजर, कॉस्टिंग आणि एस्टिमेशन अशा तीन वेगळ्या खुर्च्यांत वाटलेलं असतं. हुद्दा बदलून लिहिणं मला मान्य नव्हतं, कारण एक्सपिरियन्स लेटरवर जे आहे तेच रिझ्युमेत हवं, नाहीतर पुढे व्हेरिफिकेशनला अडकतं. म्हणून हुद्दा तसाच ठेवला, "सीनियर क्वांटिटी सर्व्हेअर", आणि लगेच खाली एक ओळ दिली, "इथल्या भाषेत: बिलिंग, रेट अ‍ॅनालिसिस आणि कॉन्ट्रॅक्ट्स". ही एक ओळ दादाने सुचवली आणि पुढे प्रत्येक फोनवर त्याच ओळीवरून बोलणं सुरू झालं.

मग त्याने विचारलं, "स्टीलचा हिशोब केलायस का?"

मुंबईत बऱ्याच ठिकाणी बिल्डर स्वतः स्टील आणि सिमेंट घेऊन कॉन्ट्रॅक्टरला देतो, फ्री इश्यू मटेरियल म्हणतात त्याला, आणि कॉन्ट्रॅक्टरला फक्त मजुरीचा आणि बाकीच्या मटेरियलचा दर मिळतो. मग किती टन स्टील दिलं, बार बेंडिंग शेड्यूल म्हणजे सळ्यांच्या यादीप्रमाणे किती लागायला हवं होतं, वेस्टेज किती टक्के मान्य आहे आणि साइटवर किती शिल्लक आहे, हा हिशोब दर बिलाला जुळवावा लागतो. नाही जुळला तर फरक कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापायचा. दुबईत माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही मेन कॉन्ट्रॅक्टर होतो आणि स्टील फिक्सिंगचं काम सबकॉन्ट्रॅक्टरला फक्त मजुरीवर दिलेलं असायचं, म्हणजे स्टील आमचं आणि हात त्यांचे, तर हा हिशोब पहिली चार वर्षं मीच ठेवायचे. पण तिथे ते ज्युनियरचं काम समजतात, म्हणून सीनियर झाल्यावर मी ते रिझ्युमेतून काढून टाकलं होतं. दादा म्हणाला, "तू जे काढून टाकलंस त्यासाठीच इथे माणूस शोधतात."

तसंच ठाण्याच्या तीन वर्षांचं. ती मी शेवटच्या पानावर एका ओळीत उरकली होती, कारण माझ्या डोक्यात ती शिकाऊ वर्षं होती. आता ती वर आणली, चार ओळी दिल्या, की सात मजली दोन इमारतींची आरए बिलं, मेजरमेंट बुक, आयएस १२०० ह्या भारतीय मानकाप्रमाणे मोजमाप, ठेकेदारांची बिलं. अकरा वर्षांच्या दुबईच्या आधी ही तीन वर्षं लोक विचारतील असं मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण नंतर झालेल्या पाच इंटरव्ह्यूंपैकी चार जणांनी सुरुवात तिथूनच केली, कारण त्यांना खात्री हवी होती की इथली साइट, इथला मुकादम आणि इथली बिलाची पद्धत हिने आधी पाहिलेली आहे.

आता आकड्यांचं सांगते, कारण इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे २०१८ ला करार झालेला आणि २०२२ ला हॅंडओव्हर झालेला एक ३२ मजली रहिवासी टॉवर. रिझ्युमेत होतं "कॉन्ट्रॅक्ट व्हॅल्यू एईडी १८५ मिलियन". पहिल्यांदा मी सरळ गुणाकार केला, त्या वेळी दिरहॅम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले ४१६ कोटी. बघायला छान दिसतं. पण दादाने लगेच दुसरा आकडा विचारला, बांधकाम क्षेत्र किती. ५१,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेपाच लाख चौरस फूट. त्याने फोनवर भागाकार केला, चौरस फुटाला साडेसात हजार रुपये. म्हणाला, "आमचा मॅनेजर हे बघून म्हणेल की ही बाई महागडं काम करायला शिकलीय, आपल्या कॉस्टमध्ये हिला जमणार नाही."

आणि माझा गुणाकारच मुळात चुकीचा होता. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला की तोही रुपयासमोर चढतो, आणि २०१८ ला तो साडेअठराच्या आसपास होता. त्या दराने १८५ मिलियनचे ३४० कोटी होतात, त्याच कामाचे. म्हणजे मी आजचा दर लावून जुन्या कामाला ७५ कोटी फुकट चढवत होते. शेवटी मी असं लिहिलं, आणि परदेशातून आलेल्या कुणालाही मी हेच सांगेन की आधी मजले, मग क्षेत्र, मग पैसे:

"३२ मजली रहिवासी टॉवर, २ बेसमेंट, ३ पोडियम, बांधकाम क्षेत्र ५.५ लाख चौ. फूट. कंत्राट १८.५ कोटी दिरहॅम (२०१८ च्या दराने सुमारे ३४० कोटी रु.). ४१ मासिक बिलं तपासून सर्टिफिकेशनपर्यंत नेली, १२० हून जास्त एक्स्ट्रा आयटमची रेट अ‍ॅनालिसिस केली, फायनल बिल हॅंडओव्हरनंतर ७ महिन्यांत बंद केलं."

मिलियनचं कोटी करणं ही छोटी गोष्ट वाटते पण वाचणाऱ्याचा डोळा तिथे अडखळत नाही. चौरस मीटरचं तसंच, आपल्याकडे मोजमाप मीटरमध्ये होतं पण कॉस्टबद्दल बोलताना प्रत्येक जण चौरस फुटातच बोलतो.

फिडिकचं, म्हणजे कंत्राटाच्या आंतरराष्ट्रीय ठरावीक अटींचं, काय करायचं हा प्रश्न होता. तिथे बरीच मोठी कंत्राटं फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकवर, नोटीस २८ दिवसांत द्यायची, क्लेम असा मांडायचा, हे माझ्या अंगात भिनलेलं. बिल्डरच्या रिझ्युमेत त्याला मी एक ओळ ठेवली, कारण मध्यम बिल्डरचं कंत्राट कधीकधी वर्क ऑर्डर आणि त्यामागे दहा पानं अटी एवढंच असतं. पण इन्फ्रामध्ये उलट आहे. मेट्रो ३ किंवा अटल सेतू अशा कामांना जपानच्या जायकाचं कर्ज आहे आणि जायकाच्या टेंडरच्या नमुन्यात अटी फिडिकच्याच असतात, तर तिथले कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टंट ह्यांना फिडिकवर क्लेम लिहिलेला माणूस हवा असतो. म्हणून मी दोन रिझ्युमे केले. एकात स्टील, आरए बिल आणि रेट अ‍ॅनालिसिस वर, दुसऱ्यात नोटीस, क्लेम आणि मुदतवाढ वर. माहिती तीच, एकही गोष्ट जास्तीची नाही, फक्त क्रम वेगळा.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं: दुबईचा मोबाईल नंबर काढला आणि इथला टाकला, पत्त्यात "मुलुंड, मुंबई, कायमचं वास्तव्य" लिहिलं, रुजू व्हायला १५ दिवस असं लिहिलं. माझ्या प्रोफाइलवर अजून दुबईच होतं आणि रिक्रूटर शहर लावून शोधतात, म्हणजे दोन महिने मी मुंबईच्या यादीत नव्हतेच.

जे येत नव्हतं तेही लिहायचं का ह्यावर नवऱ्याचं आणि माझं वाजलं. मी २०१२ ला गेले, जीएसटी आणि महारेरा दोन्ही २०१७ ला आले, म्हणजे माझ्या माघारी इथल्या बिलाचं रूप बदललं. तिथे २०१८ पासून व्हॅट आहे पण सरळ ५ टक्के. इथे बिलावर १८ टक्के जीएसटी, मग टीडीएस, बांधकाम कामगारांचा १ टक्का सेस, रिटेन्शन, आणि हे सगळं कुठल्या रकमेवर कापायचं ह्याचे नियम वेगवेगळे, टीडीएस जीएसटी सोडून मूळ रकमेवर, असं. मी दादाकडून आकडे खोडलेली तीन आरए बिलं आणली आणि आठवडाभर बसून तीच परत परत मांडली, एक्सेलमध्ये, जोपर्यंत निव्वळ देय रक्कम रुपयापर्यंत जुळत नाही तोपर्यंत. महारेराचा फॉर्म २ वाचला, ज्यात इंजिनिअर प्रकल्पाचा अंदाजे खर्च आणि आजवर झालेला खर्च लिहून देतो आणि त्यावर बिल्डरला वेगळ्या ठेवलेल्या खात्यातून पैसे काढता येतात, म्हणजे कॉस्टिंगवाल्याचा आकडा थेट तिथे जातो. मग रिझ्युमेत लिहिलं, "जीएसटी, टीडीएस आणि महारेरा फॉर्म २: अभ्यास केला आहे, प्रत्यक्ष काम नाही". नवरा म्हणत होता की कमीपणा कशाला लिहायचा. मला वाटलं आणि अजूनही वाटतं की इंटरव्ह्यूत पाचव्या मिनिटाला कळणारच असेल तर आपणच आधी सांगितलेलं बरं.

सप्टेंबरमध्ये नवीन रिझ्युमे १८ ठिकाणी पाठवला, ह्या वेळी सगळे थेट मेलवर. सात फोन आले, पाच इंटरव्ह्यू झाले.

पहिला अंधेरीला, घाटकोपरहून मेट्रोने गेले. समोर साठीतले एक साहेब होते, त्यांनी रिझ्युमे बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर एक भिंत काढली. सहा मीटर लांब, तीन मीटर उंच, त्यात एक दरवाजा १ बाय २.१, एक खिडकी १.५ बाय १.२ आणि वर एक व्हेंटिलेटर ०.६ बाय ०.६. "दोन्ही बाजूंचं प्लास्टर किती, सांगा." मी अकरा वर्षं पोमीने मोजत होते, म्हणजे आरआयसीएसची १९७९ ची मोजमापाची पद्धत, तिचं मूळ तत्त्वच की प्रत्यक्ष जागेवर जेवढं आहे तेवढं निव्वळ मोजा. हात आपोआप तसाच चालला, दरवाजा आणि खिडकी दोन्ही बाजूंनी वजा केली आणि वर जॅम म्हणजे ओपनिंगच्या आतल्या कडा धरायला लागले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मॅडम, आयएस १२००."

तेव्हा आठवलं, पण उशीर झाला. आयएस १२०० मध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजाच करत नाहीत, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर फक्त एका बाजूचं वजा करायचं आणि त्या बदल्यात जॅम मोजायचे नाहीत, तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजूंचं वजा आणि जॅम मिळवायचे. म्हणजे व्हेंटिलेटर ०.३६, सोडून द्यायचं. दरवाजा २.१ आणि खिडकी १.८, एका बाजूचं वजा. ३६ मधून ३.९ गेले, ३२.१ चौरस मीटर. ठाण्याला असताना हे मला झोपेत येत होतं. रिझ्युमेत मी "आयएस १२०० प्रमाणे मोजमाप" अगदी वर लिहिलं होतं आणि नेमकं तिथेच अडकले. ती नोकरी मिळाली नाही आणि ते बरोबरच होतं. त्या रात्री आयएस १२०० चे काँक्रीट, विटकाम आणि प्लास्टरचे भाग काढून बसले. जे शब्द आपण जुन्या आठवणीवर रिझ्युमेत लिहितो ते पाठवण्याआधी हाताने एकदा करून बघावेत, मी जीएसटीचं केलं आणि हे केलं नाही.

पगाराबद्दल बोलायला लोक लाजतात पण सगळं अडतं तिथेच. मला शेवटचा पगार १४,००० दिरहॅम होता, गुणाकार केला की वर्षाचे पावणेअडतीस लाखांच्या वर जातात. इथे माझ्या अनुभवाच्या जागेला मला जे आकडे सांगत होते ते १५ ते २० लाख. पोर्टलवर खरा आकडा टाकला की १५ ते २० च्या शोधात माझं नावच येत नाही, एका ओळखीच्या कन्सल्टंटने सल्ला दिला की कमी टाका. मी नाही टाकला, कारण पुढे सॅलरी स्लिप मागतात आणि तेव्हा खोटी ठरते मी. पोर्टलचा प्रश्न माझ्याकडून सुटला नाही, म्हणूनच सगळं थेट मेलवर केलं. रिझ्युमेत पगार लिहिला नाही आणि फोनवर विचारला की सरळ सांगायचे, "दिरहॅममध्ये १४,०००, टॅक्स नाही, पण घरभाडं आणि मुलीची शाळा त्यातूनच, आणि पीएफसारखं काही नव्हतं. मी तो आकडा इथे मागत नाहीये, ह्या जागेला तुमच्याकडे जे आहे त्यात माझी अपेक्षा १८ लाखांची आहे." असं एका दमात सांगितलं की समोरचा माणूस गुणाकार करायचा थांबतो. आधी मी फक्त पहिला आकडा सांगून गप्प बसत होते.

ऑक्टोबरमध्ये चेंबूरच्या एका डेव्हलपरकडून ऑफर आली, १७ लाख २५ हजार, कॉन्ट्रॅक्ट्स आणि बिलिंगला सीनियर मॅनेजरच्या हाताखाली. आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू झालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता.

पहिला प्रश्न यूएएन. आजकाल एजन्सी पीएफचा यूएएन घेऊन कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता ते बघते. यूएएन २०१४ ला सुरू झाला आणि मी २०१२ ला देश सोडला, म्हणजे माझ्याकडे तो नव्हताच. एजन्सीच्या मुलाला ते पटेना, "मॅडम पंधरा वर्षांचा अनुभव आणि यूएएन नाही?" शेवटी माळ्यावरच्या सुटकेसमधून २०११-१२ चा फॉर्म १६ आणि पीएफची वार्षिक स्लिप निघाली, आईने जपून ठेवली होती, तिचे उपकार.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. माझी दुबईतली पहिली कंपनी, २०१२ ते २०१८ ची, पुढे बंद पडली. एजन्सीने पाठवलेला मेल परत आला. माझ्याकडे एक्सपिरियन्स लेटर होतं, त्यावर क्वांटिटी सर्व्हेअर. जोडीला मी जुन्या पासपोर्टवरचे व्हिसाचे स्टिकर दिले, कारण तेव्हा युएईचा रहिवासी व्हिसा पासपोर्टमध्ये चिकटवायचे आणि त्यावर कंपनीचं नाव असतं, मला वाटलं ह्याहून पक्का पुरावा नाही. पण त्यावर अजून एक रकाना असतो, प्रोफेशन. माझ्या पहिल्या व्हिसावर तिथे होतं "क्लार्क".

झालं असं होतं की मी गेले तेव्हा माझी डिग्री अटेस्ट झालेली नव्हती, त्याला वेळ लागतो आणि कंपनीला माणूस लगेच हवा होता, म्हणून त्यांनी ज्या हुद्द्याला डिग्री लागत नाही त्यावर व्हिसा काढला. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, सही केली आणि विसरले. गल्फमध्ये राहिलेल्या कितीतरी जणांच्या व्हिसावर असं आहे. पण चेंबूरच्या एचआरला समोर दोन कागद दिसत होते, एकावर क्यूएस आणि एकावर क्लार्क, त्यांनी शंका घेतली तर त्यांचं चुकलं नाही.

मी एक पानी पत्र लिहिलं, काय झालं ते तारखांसकट, काहीही न लपवता. सोबत डिग्रीच्या मागच्या बाजूची झेरॉक्स, जिथे परराष्ट्र मंत्रालयाचा आणि युएईच्या वकिलातीचा अटेस्टेशनचा शिक्का आहे २०१८ चा, आणि त्यानंतर लगेच निघालेल्या नव्या व्हिसाची प्रत, ज्यावर प्रोफेशन क्वांटिटी सर्व्हेअर आहे. म्हणजे डिग्री अटेस्ट झाली आणि हुद्दा दुरुस्त झाला, ही साखळी कागदावर दिसली. सहा वर्षांची बँक स्टेटमेंट दिली, दर महिन्याला कंपनीच्या नावाने जमा झालेला पगार त्यात दिसतो. आणि माझे तेव्हाचे साहेब, केरळचे आहेत, आता शारजाला दुसऱ्या कंपनीत, त्यांनी आपल्या ऑफिसच्या मेलवरून लिहून दिलं की ही माझ्याकडे क्यूएस होती आणि काय काम करायची. जुन्या प्रोजेक्टची बिलं मी पुरावा म्हणून दिली नाहीत, एचआरने विचारलं होतं तरी, ती क्लायंटची कागदपत्रं आहेत.

बँक स्टेटमेंटचं एक सांगून ठेवते. ती माझ्याकडे होती कारण खातं बंद करायच्या आदल्या दिवशी बँकेतल्या एका मुलीने आपणहून विचारलं होतं की सगळी वर्षं काढून देऊ का. व्हिसा कॅन्सल झाला, खातं बंद झालं, तिथला मोबाईल नंबर गेला की ओटीपी येत नाही आणि इथे बसून काहीच मिळत नाही. एक्सपिरियन्स सर्टिफिकेट मागितलं तर फुकट द्यायचं हे तिथल्या कामगार कायद्यात आहे, तेही निघायच्या आत घ्यावं आणि त्यावर हुद्दा, तारखा आणि शक्य असेल तर कामाच्या दोन ओळी लिहून घ्याव्यात.

सतरा दिवसांनी व्हेरिफिकेशन हिरवं झालं. नोव्हेंबरच्या सहा तारखेला रुजू झाले.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजरनी टेबलावर एका विंगचं स्टील रिकन्सिलिएशन ठेवलं, तीन बिलं अडकलेली होती. कॉन्ट्रॅक्टरला दिलं ४१२ टन, शेड्यूलप्रमाणे लागतं ३८०, त्यावर मान्य वेस्टेज ३ टक्के म्हणजे ११.४, साइटवर शिल्लक ९. साडेअकरा टनांचा फरक, टनाला साठ हजार धरले तरी जवळजवळ सात लाख. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस समोर बसून सांगत होता की तेवढं कधी मिळालंच नाही. मी वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या, शेड्यूलची शीट उघडली आणि कॉलममधल्या सळ्यांचे लॅप, म्हणजे एकमेकींवर येणाऱ्या लांबी, मोजायला घेतले.